भाड्याच्या जागेवर 'पहिला हक्क' घ्यायचा की 'ऑप्शन टू बाय'? करारात कसं लिहायचं, वेळ आल्यावर कसं वापरायचं

नागपुरात वाडी, कळमना, इतवारी, कुठेही पाहा, भाड्याच्या जागेत माणूस धंदा बसवतो, रॅक ठोकतो, थ्री फेज लाईन घेतो, गिऱ्हाईकाला पत्ता पाठ होतो आणि मग मालक जागा विकायला काढतो. म्हणून लीज करतानाच बरेच जण म्हणतात, "भाऊ, विकायची झाली तर आधी मले विचारा." मालक हो म्हणतो, टायपिस्ट एक ओळ टाकतो आणि दोघंही निश्चिंत होतात. त्या एका ओळीने प्रत्यक्षात फार काही मिळत नाही. मी वाडीतलं गोडाऊन लीजवर घेतलं तेव्हा दोन्ही कलमं नीट लिहून घेतली होती आणि पुढे ऑप्शन वापरूनच जागा विकत घेतली, त्यामुळे नव्याने जागा घेणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने लिहितोय. उदाहरणातले आकडे समजायला सोपे म्हणून गोल केलेत.

१. आधी फरक डोक्यात पक्का करा

राइट ऑफ फर्स्ट रिफ्युझल, म्हणजे वकील ज्याला आरओएफआर म्हणतात (खाली मी 'पहिला हक्क' लिहितो), यात मालकावर विकायचं बंधन नसतं. त्याने कधीच विकलं नाही तर तुमचा हक्क कधी जागाच होत नाही. त्याने विकायचं ठरवलं आणि बाहेरच्या कोणाची ऑफर आली, तर तीच ऑफर त्याच अटींवर आधी तुमच्यासमोर ठेवायची, एवढंच त्याच्यावर बंधन. म्हणजे किल्ली मालकाच्या हातात आणि किंमत बाहेरचा माणूस ठरवणार.

ऑप्शनमध्ये किल्ली तुमच्याकडे. ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या किमतीला किंवा ठरलेल्या हिशोबाने तुम्ही "मी घेतो" म्हटलं की मालकाला विकावंच लागतं, त्याची इच्छा असो नसो. तुम्ही नाही म्हटलं तर तुमच्यावर काही बंधन नाही. म्हणूनच मालक ऑप्शन फुकट देत नाही, आणि दिली तरी फुकट घेऊ नका, कारण पुढे सांगतो.

पुढचं सगळं ह्या एकाच गोष्टीवर चालतं, सुरुवात कोण करतो. पहिल्या हक्कात सगळी मेहनत मालकाची नोटीस कशी असावी हे लिहिण्यात जाते, ऑप्शनमध्ये तुमची नोटीस आणि किमतीचा हिशोब लिहिण्यात.

माझं मत विचाराल तर जागेत मोठा खर्च करणार असाल तर ऑप्शनच मागा. मालक तयार नसेल तर पहिला हक्क, आणि जमलं तर दोन्ही.

२. कागद गोळा करा आणि सही कोणाची हे बघा

नागपूर शहरात असाल तर आखीव पत्रिका, वाडी-हिंगण्याच्या बाजूला असाल तर सातबारा आणि एनए ऑर्डर. शेवटच्या खरेदीखताची प्रत. प्लॉट नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजचा असेल तर ती लीज डीड, लेआउट गुंठेवारीतला असेल तर आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र. रजिस्ट्री ऑफिसमधून इंडेक्स टूचा, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहारांच्या उताऱ्याचा सर्च. जागेवर बँकेचं कर्ज आहे का हे मालकाकडून लेखी.

सगळ्यात जास्त गडबड सह्यांची होते. आखीव पत्रिकेवर वडिलांचं नाव, वडील गेले, तीन भाऊ आणि एक बहीण, आणि भाडं घेतो मधला भाऊ. त्याच्या एकट्याच्या सहीने फार तर त्याच्या हिश्श्यापुरतं बंधन येईल. बहिणीसकट सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या घ्या, नाहीतर त्या मधल्या भावाचं रजिस्टर्ड कुलमुखत्यारपत्र बघा आणि त्यात विक्रीचे अधिकार आहेत का हे वाचा, कारण नुसते भाड्याने देण्याचे असतात.

नझूल किंवा सुधार प्रन्यासची लीजची जमीन असेल तर ट्रान्सफरला परवानगी लागते, तेव्हा परवानगीचा अर्ज कोण, किती दिवसांत करणार आणि खर्च कोणाचा हे कलमातच पाहिजे. आणि बँकेचं तारण तुमच्या कराराच्या आधीचं असेल आणि बँकेने उद्या लिलाव काढला, तर तो मालकाने केलेला सौदा नाही, तिथे तुमचा पहिला हक्क दाखवून फारसं काही होणार नाही.

३. पहिल्या हक्काचं कलम असं लिहा

"विकायची झाल्यास प्रथम प्राधान्य भाडेकरूस राहील", टायपिस्टची ती ठराविक ओळ हीच. यात किंमत कुठली, किती दिवसांत उत्तर, उत्तर दिलं नाही तर काय, काहीच नाही. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २९ सांगतं की ज्या कराराचा अर्थ निश्चित करता येत नाही तो करार रद्दबातल, आणि समोरचा वकील पहिला हल्ला तिथेच करतो. त्याऐवजी साधारण असं लिहा:

"मालकास सदर मिळकतीसाठी तिऱ्हाईताकडून लेखी ऑफर आली व ती स्वीकारण्याची मालकाची इच्छा असल्यास, मालक त्या ऑफरची प्रत, घेणाऱ्याचे नाव, एकूण किंमत, बयाणा, हप्ते व खरेदीखताची तारीख यांसह भाडेकरूस लेखी नोटीस देईल. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडेकरू त्याच अटींवर मिळकत घेण्यास लेखी होकार देऊ शकेल. होकार न आल्यास मालक त्याच व्यक्तीस, त्याच किंवा जास्त किमतीस, १८० दिवसांत विक्री करू शकेल. किंमत कमी झाल्यास, अटी सैल झाल्यास किंवा १८० दिवस उलटल्यास मालकाने पुन्हा नव्याने नोटीस द्यावी."

शेवटचं वाक्य कधीच सोडू नका. मालक एखाद्या ओळखीच्याकडून १ कोटी २० लाखांची ऑफर लिहून आणतो, तुम्ही परवडत नाही म्हणून नाही म्हणता, आणि दोन महिन्यांनी त्याच माणसाला ९० लाखांत रजिस्ट्री होते. हे वाक्य असेल तर ९० लाख झाल्याबरोबर तुमचा हक्क परत जिवंत. ऑफर खरी आहे का हे ओळखायचा साधा मार्ग म्हणजे बयाणा बँकेतून आला का, हे बघणं. म्हणून कलमात हेही टाका की नोटिशीसोबत चेक किंवा आरटीजीएसचा पुरावा जोडावा. आणि जो माणूस वरची रक्कम रोखीत ठरवतो आणि कागदावर कमी दाखवतो त्याच्या बाबतीत तुम्ही कागदावरच्या किमतीलाच होकार द्यायचा, रोखीच्या आकड्याच्या चर्चेत पडायचंच नाही.

दुसरा सापळा पॅकेज डीलचा, आणि यावर थोडं थांबतो कारण टायपिस्टच्या छापील ड्राफ्टमध्ये हे सापडणार नाही. समजा मालकाकडे तुमचं गोडाऊन आणि शेजारचा मोकळा प्लॉट दोन्ही आहेत आणि एक जण दोन्ही मिळून १ कोटी ६० लाख देतो. तुमचा हक्क फक्त गोडाऊनवर. आता "त्याच अटी" म्हणजे काय? मालक म्हणणार दोन्ही घे नाहीतर सोड, तुम्ही म्हणणार माझ्या गोडाऊनची किंमत सांग, आणि ती किंमत कुठेच लिहिलेली नाही. म्हणून कलमातच टाका की दुसऱ्या मिळकतीसोबत एकत्र विक्री असेल तर गोडाऊनची वेगळी किंमत मालक नोटिशीत देईल आणि ती पटली नाही तर नोंदणीकृत व्हॅल्युअर ठरवेल. वरच्या उदाहरणात व्हॅल्युअरने गोडाऊन ९० आणि प्लॉट ७० लाख धरला, तर तुम्ही ९० ला होकार द्यायचा, बस.

आणि हक्क कशाने जागा होतो ते फक्त "विक्री" एवढंच ठेवू नका. अदलाबदल, बक्षीसपत्र, ९९ वर्षांची लीज, सगळं नावाने घाला. बायको-मुलांना दिलं तर सूट, असं मालक मागेल, ते योग्यच आहे, देऊन टाका, पण "ज्याला मिळेल त्याच्यावरही हे कलम बंधनकारक राहील" हे जोडून.

मुदतीबद्दल लोक घाबरतात की इतका लांब हक्क टिकतो का. पहिल्या हक्काचा करार जमिनीत हितसंबंध निर्माण करत नाही म्हणून पर्पेच्युइटीचा नियम, म्हणजे जमिनीतला हक्क अमर्याद काळ पुढे ढकलता येत नाही हा नियम, त्याला लागत नाही, वारसांवर आणि पुढे घेणाऱ्यांवरही तो बंधनकारक होऊ शकतो, असं सुप्रीम कोर्टाने रामबरन प्रसाद विरुद्ध राममोहित हाजरा ह्या १९६७ मध्ये छापलेल्या निकालात सांगितलं आहे. तरी "वारस व हस्तांतरिती यांच्यावर बंधनकारक" हे शब्द लिहाच.

४. ऑप्शनचं कलम असं लिहा

इथे चार गोष्टी लागतात, ऑप्शनचा मोबदला, मुदत, किंमत आणि वापरायची पद्धत.

मोबदला का? कारण नुसती ऑफर होकार येण्याआधी कधीही मागे घेता येते, करार कायद्याचं कलम ५ तेच सांगतं. "पाच वर्षं ही ऑफर खुली ठेवीन" ह्या वचनाला मोबदला नसेल तर दुसऱ्या वर्षी मालक एक पत्र पाठवून ती बंद करू शकतो. म्हणून ऑप्शन फी म्हणून वेगळी रक्कम द्या, समजा १ लाख, बँकेतून द्या, आणि ती शेवटी किमतीत वळती होणार की नाही हे लिहा. न लिहिल्यास नक्की भांडण.

किंमत एक तर ठोक आकडा, नाहीतर असा हिशोब जो तिसरा माणूसही करू शकेल. "त्या वेळच्या बाजारभावाने" एवढंच लिहू नका. आमच्यात ठरलं असं धरा की आज ६० लाख आणि पुढे दरवर्षी ६ टक्के वाढ. आता हे साधं की चक्रवाढ? तीन वर्षं पूर्ण झाल्यावर साध्या वाढीने ७० लाख ८० हजार होतात, चक्रवाढीने ७१ लाख ४६ हजार ९६. फरक ६६ हजार ९६ रुपयांचा, पण त्यावरून मालक म्हणू शकतो की तुम्ही किंमतच चुकीची लिहिली म्हणजे ऑप्शन वापरलीच नाही. त्यामुळे कराराला एक तक्ता जोडा, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत किती रुपये, प्रत्येक वर्षासमोर आकडा.

मुदत तारखांनी लिहा, "लीज काळात" असं नाही. लीज संपल्यावर तुम्ही भाडं देत तिथेच बसून राहिलात तर जुन्या लीजमधली ऑप्शनही आपोआप पुढे चालते असं धरू नका. लीज वाढवताना ऑप्शनची नवी तारीख नव्याने लिहून घ्या.

स्टॅम्प ड्युटीचा एक मुद्दा महाराष्ट्रात फार महत्त्वाचा. विक्रीच्या करारात ताबा दिला किंवा देण्याचं ठरलं तर मुद्रांक कायद्याप्रमाणे तो करार खरेदीखतासारखाच धरून पूर्ण ड्युटी मागतात. भाडेकरू आधीपासूनच ताब्यात असतो ही सबब चालेलच असं नाही, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने भाडेकरूच्या बाजूने झालेल्या विक्री करारावर पूर्ण ड्युटी लागेल असं म्हटलं. म्हणून ऑप्शनच्या कलमात स्वच्छ लिहा की ताबा हा लीजखालीच आहे, ऑप्शनमुळे कुठलाही ताबा दिलेला नाही आणि खरेदीखत होईपर्यंत भाडं चालूच राहील.

दोन्ही हक्क घेत असाल तर एक ओळ जास्तीची: "पहिल्या हक्काची नोटीस आल्याने किंवा भाडेकरूने ती नाकारल्याने ऑप्शन संपणार नाही." तीन वर्षं झाली, बाहेरच्याची ९० लाखांची ऑफर आली, आणि तुमची ऑप्शन ७० लाख ८० हजारांची आहे. ही ओळ असेल तर तुम्ही ९० शी बरोबरी करायच्या भानगडीत न पडता सरळ ऑप्शन वापरता. नसेल तर मालक म्हणणार, आता पहिल्या हक्काचाच रस्ता उरला.

५. रजिस्ट्री टाळू नका

वर्षाहून मोठी लीज रजिस्टर करावीच लागते आणि लिव्ह अँड लायसन्स तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे किती का महिन्यांचं असेना रजिस्टर लागतं. आपली कलमं त्याच रजिस्टर्ड कागदात घाला, बाजूच्या शंभराच्या की पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून ठेवू नका.

कारण असं, की विक्रीचा करार झाला म्हणून जागेत तुमची मालकी येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ तसं स्पष्ट म्हणतं. तुमचा जोर दुसरीकडून येतो. ज्याला तुमच्या कराराची माहिती होती आणि तरी त्याने जागा घेतली, त्याच्यावर तो करार बजावता येतो, हे त्याच कायद्याच्या कलम ४० मध्ये आणि स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट १९६३ च्या कलम १९ मध्ये आहे. सुटतो तो फक्त पैसे मोजून, प्रामाणिकपणे, माहिती नसताना घेणारा. रजिस्टर्ड लीजमध्ये कलम असेल तर "मला माहीत नव्हतं" म्हणणं त्याला जड जातं. शिवाय जागेत तुम्ही प्रत्यक्ष बसलेले आहात म्हणजे तुमचा हक्क काय हे विचारणं घेणाऱ्याचं काम होतं. लिव्ह अँड लायसन्समध्ये मात्र कायदेशीर ताबा मालकाचाच मानतात, त्यामुळे ही दुसरी बाजू तिथे कमजोर. जमत असेल तर लीजच करा.

६. पहिला हक्क वापरायची वेळ आली

नोटीस हातात आली की पाकिटासकट तारीख जपून ठेवा, ३० दिवस तिथून मोजायचे. नोटिशीत काही अपुरं असेल, समजा ऑफरची प्रत नाही, तर दोन-तीन दिवसांतच लेखी मागा आणि लिहा की पूर्ण नोटीस मिळाल्यावर मुदत सुरू होईल. पण मनात ३० दिवस पहिल्या तारखेपासूनच मोजा, कोर्ट तुमचंच ऐकेल याची खात्री नाही.

होकार कोरा पाहिजे. करार कायद्याचं कलम ७ म्हणतं की स्वीकार बिनशर्त असला पाहिजे. "मी घेतो, पण ८५ ला द्या" किंवा "घेतो, फक्त दोन महिने जास्त द्या" हा होकार होत नाही, ती नवी ऑफर होते आणि मालक मोकळा होतो. भाव करायचाच असेल तर पहिल्या आठवड्यात वेगळ्या पत्राने करा आणि त्यात लिहा की हा होकार किंवा नकार नाही. शेवटच्या दिवसांत फक्त "आपल्या अमुक तारखेच्या नोटिशीतील सर्व अटींवर मिळकत खरेदी करण्यास मी बिनशर्त होकार देत आहे", एवढंच.

७. ऑप्शन वापरायची वेळ आली

इथे मुदत म्हणजे दगडावरची रेघ. साध्या विक्री करारात कोर्ट वेळेबाबत थोडं सैल असतं, ऑप्शनमध्ये नसतं. कॅल्टेक्स विरुद्ध भगवान देवी मारोडिया ह्या १९६९ मध्ये छापलेल्या निकालात लीज वाढवून घेण्याचा हक्क मुदतीत मागितला नव्हता आणि सुप्रीम कोर्टाने तो गेला असं धरलं, कारण ऑप्शन ही सवलत आहे आणि सवलत घ्यायची तर अटी तंतोतंत पाळाव्या लागतात. म्हणून शेवटच्या तारखेच्या निदान महिनाभर आधी नोटीस काढा.

नोटीस करारात दिलेल्या पत्त्यावर आणि दिलेल्या पद्धतीनेच पाठवा. करारात स्पीड पोस्ट लिहिलं असेल तर स्पीड पोस्टच, व्हॉट्सॲप फक्त जोडीला. सगळ्या हिस्सेदारांना वेगवेगळी पाकिटं. नोटिशीत कलमाचा नंबर, तक्त्यातली किंमत, वळती केलेली ऑप्शन फी आणि खरेदीखतासाठी सुचवलेली तारीख. म्हणजे आपल्या उदाहरणात ७० लाख ८० हजारातून १ लाख वजा, देणं ६९ लाख ८० हजार. तिसरं वर्ष पूर्ण व्हायच्या आदल्या दिवशी नोटीस दिली तर तक्त्यातला खालचा आकडा लागतो, हे बघूनच तारीख निवडा.

पैशाचा पुरावा त्याच दिवशी तयार पाहिजे, बँकेचं सँक्शन लेटर, एफडीच्या पावत्या, खात्याचं स्टेटमेंट. पुढे कोर्टात गेलं तर तुम्ही पैसे द्यायला तयार होतात आणि इच्छुक होतात हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. आणि लीजमध्ये "भाडं थकीत नसल्यास" अशी अट असते, तेव्हा नोटिशीच्या आधी सगळं भाडं, महापालिका किंवा नगर परिषदेचा टॅक्स तुमच्याकडे असेल तर तोही, भरून पावत्या घ्या. मालकाच्या वकिलाने मला पाठवलेलं पहिलं उत्तर टॅक्सच्या थकबाकीबद्दलच होतं, पावती फाईलला होती म्हणून विषय तिथेच मिटला.

८. मालक ऐकत नसेल तर

आधी वकिलामार्फत नोटीस, मग दिवाणी कोर्टात करार बजावून मिळण्याचा दावा, आणि सोबत विक्री थांबवायचा मनाई अर्ज. जागा विकली गेली असेल तर घेणाऱ्यालाही पार्टी करा.

मुदत मात्र दोन्हींची वेगळी आहे आणि हे फार जणांना माहीत नसतं. ऑप्शन वापरून झालेल्या विक्री करारासाठी लिमिटेशन ॲक्ट १९६३ च्या अनुच्छेद ५४ ने तीन वर्षं मिळतात, कराराने ठरलेल्या तारखेपासून किंवा तारीख नसेल तर नकार कळल्यापासून. पण पहिल्या हक्काला, म्हणजे प्री-एम्प्शनला, अनुच्छेद ९७ आहे आणि त्यात करारातून आलेला हक्कही नावाने घेतला आहे, तिथे फक्त एक वर्ष. ते वर्ष घेणाऱ्याने प्रत्यक्ष ताबा घेतल्यापासून मोजतात आणि ताबा घेण्यासारखा नसेल तर खरेदीखत रजिस्टर झाल्यापासून. जागेत तुम्ही बसलेले असताना ह्यातली कुठली तारीख लागेल यावर वकील तासभर वाद घालू शकतात, तुम्ही रजिस्ट्रीची तारीख धरून चाला. ती तारीख कळण्यासाठी दर दोन-तीन महिन्यांनी आपल्या जागेचा इंडेक्स टू ऑनलाईन ई-सर्चमध्ये बघत जा, सर्व्हे नंबर किंवा प्लॉट नंबर टाकला की दिसतो.